सदतीस इंचांची फळी आणि आठ मिनिटांचा व्हिडिओ

कर्जतला गाडी थांबली की डब्यातले निम्मे लोक वड्यासाठी खाली उतरतात. तेवढ्या वेळात गाडीच्या शेपटीला दोन-तीन इंजिनं येऊन चिकटतात, हलकासा धक्का बसतो, आणि पुढे घाट चढून लोणावळ्याला ती सुटी होतात. रेल्वेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. मी पॉलिटेक्निकला उपयोजित यांत्रिकी शिकवते. ही इंजिनं पुढे न लावता मागून का लावतात, यावर मराठीत व्हिडिओ करायचं बरेच दिवस मनात होतं. घरात सासरेही रेल्वेतून निवृत्त झालेले, तिसेक वर्षं इंजिन चालवलेले. विषय हातचा, माणूस घरचा. मग अडचण कसली, असं वाटलं.

पहिला व्हिडिओ १३ मिनिटं ४० सेकंदांचा झाला. चढवून दोन दिवसांनी यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक किती वेळ टिकले त्याचा आलेख उघडला. डावीकडून निघालेली रेघ कड्यावरून पडावी तशी पडली होती. पहिल्या ३० सेकंदांनंतर पाहणारे उरले होते ४६ टक्के. तिसऱ्या मिनिटापर्यंत त्यातलेही निम्मे गेले. पुढे रेघ जमिनीलगत सरपटत होती, आणि ७ मिनिटं १० सेकंदांपाशी तिला अचानक एक टेकाड आलं होतं.

त्या टेकाडाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, पण ते नंतर. आधी कडा.

सुरुवातीला मी काय केलं होतं? नमस्कार, मी अमुक, आपलं स्वागत आहे. मग चॅनेलचं चिन्ह फिरत येतं, सोबत तबल्याचा तुकडा. मग ‘आज आपण एका रंजक विषयाची माहिती घेणार आहोत’. मग भोर घाटाचा इतिहास: १८६३ मध्ये मार्ग खुला झाला, घाटात गाडीची दिशा बदलणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, १९२९ मध्ये ते बंद झालं. एकही गोष्ट चुकीची नव्हती. वर्गात मी असंच शिकवते: आधी पार्श्वभूमी, मग व्याख्या, मग सूत्र. पण वर्गातल्या पोरांना हजेरी असते. ती उठून जाऊ शकत नाहीत. इथे मथळ्यात ‘मागून का?’ असं विचारलेलं वाचून माणूस आत आला होता, आणि मी त्याला बाहेरच्या खोलीत बसवून घराण्याची वंशावळ सांगत होते.

आता टेकाड. आलेख एखाद्या जागी वर चढतो तेव्हा तिथे लोक मागे येऊन पुन्हा पाहत असतात, किंवा आधीचं सोडून थेट तिथे उडी मारत असतात. ७:१० ला माझ्याकडे कर्जतच्या फलाटावरून घेतलेला तुकडा होता: बँकर हळूहळू जवळ येतात, शेवटच्या डब्याला टेकतात, ‘खट्’ असा आवाज होतो. लोक प्रगतिपट्टीवर बोट सरकवत हाच तुकडा शोधत आले होते. म्हणजे ज्यासाठी ते आले ती गोष्ट माझ्याकडे होती. मी ती सातव्या मिनिटापर्यंत फडताळात ठेवून दिली होती.

यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाइल त्याच दुव्यावर बदलता येत नाही, पण स्टुडिओतल्या संपादकात त्यातला भाग कापून काढता येतो. मी सुरुवातीचं स्वागत आणि चिन्ह मिळून ४० सेकंद कापले. दुवा, पाहणाऱ्यांचा आकडा, खालच्या प्रतिक्रिया सगळं जागच्या जागी राहिलं. नंतर आलेल्या प्रेक्षकांचा आलेख पाहिला तर कडा थोडा उजवीकडे सरकला होता, एवढंच. कारण ४० सेकंद कापल्यावर व्हिडिओ सुरू होत होता ‘१८६३ साली’ या शब्दांनी. दारावरचं तोरण काढलं होतं, बाहेरची खोली तशीच होती.

मग मी जे बहुतेक जण करतात तेच केलं. वेग वाढवला.

दुसरी आवृत्ती मी नव्याने कापली आणि प्रसिद्ध न करता खाजगी दुव्यावर घरातल्यांना दाखवली. दर तीन सेकंदांना चित्र बदलायचं असा नियम केला. माझ्या बोलण्यातले श्वास कापले, वाक्याला वाक्य चिकटवलं. प्रत्येक वाक्य पडद्यावर अक्षरांत उमटवलं, आणि ते उमटताना ‘टप्’ असा आवाज. लांबी आली साडेनऊ मिनिटं. स्वतः पाहिलं तेव्हा छाती फुगली. एकदम ‘यूट्यूबवाल्यांसारखं’ दिसत होतं.

नणंद, माझी नववीतली मुलगी आणि अण्णा, म्हणजे सासरे, अशा तिघांना एकेकटं बसवून दाखवलं. मी व्हिडिओकडे पाठ करून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत बसले. ही युक्ती फुकटची आहे आणि आलेखाइतकीच बोलकी. मुलीचे डोळे सतत खाली, अक्षरांवर. घाटाचा एवढा सुंदर तुकडा वर चालला होता, तिने मान वर केली नाही. नणंद चौथ्या मिनिटाला म्हणाली, “वहिनी, छान केलंय गं,” आणि फोन उचलला. अण्णा मात्र शेवटपर्यंत बसले.

पाहून झाल्यावर तिघांना मी एकच प्रश्न विचारला: इंजिन मागून का लावतात?

मुलगी म्हणाली, “ढकलायला.” नणंद म्हणाली, “चढ आहे ना तिथे.” अण्णा म्हणाले, “मला माहितीच आहे. पण तू काय सांगितलंस ते काही कळलं नाही बुवा. बोर्डावर लिहिलेलं पुसायच्या आत दुसरं लिहीत होतीस.”

साडेनऊ मिनिटांत मी उत्तर तीनदा सांगितलं होतं. ते कोणाच्याच कानात शिरलं नव्हतं. लोक खिळून पाहतात आणि लोकांना समजतं या दोन गोष्टी मी एक धरून चालले होते. शिवाय नणंदेने फोन उचललाच होता, म्हणजे खिळवणंही जमलं नव्हतं. सगळंच धावत असलं की धावणं जाणवत नाही. गाडीतल्या पंख्याच्या घरघरीसारखं ते कानाआड होतं.

तिसऱ्या वेळी मी संपादनाचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि कागद घेतला.

कागदावर संहितेचे परिच्छेद लिहून त्यांच्या सांध्यांवर बोट ठेवलं. दोन परिच्छेदांच्या मध्ये मनातल्या मनात कोणता शब्द येतो? ‘आणि’ येत असेल तर तो सांधा कच्चा. ‘पण’ किंवा ‘म्हणून’ येत असेल तर पक्का. पटकथा लिहिणाऱ्यांची ही जुनीच चाचणी आहे. माझ्या पहिल्या संहितेत अकरा सांधे होते, त्यातले नऊ ‘आणि’चे. घाट १८६३ मध्ये झाला, आणि चढ असा आहे, आणि इंजिनाची ताकद एवढी असते, आणि बँकर कर्जतला लागतात. अशा यादीत कुठूनही उठून गेलं तरी चालतं, कारण पुढचा मुद्दा मागच्याशी बांधलेलाच नसतो.

‘पण’ शोधायला मी अण्णांकडे गेले. ते म्हणाले, “तू चढ चढ म्हणतेस, पण तो चढ दिसतो का कधी? खिडकीतून बघ. सपाटच वाटतो.” कर्जत-लोणावळ्याच्या घाटातला चढ १ : ३७ आहे. सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. शहरातल्या उड्डाणपुलाचा चढ साधारण एवढाच असतो आणि सायकलवाला तो सहज चढून जातो. मग हजारो अश्वशक्तीच्या इंजिनाला तो का जड जावा? मला सुरुवात मिळाली.

सुताराकडून ३७ इंच लांब फळी आणि १ इंच जाडीचा ठोकळा कापून आणला. नवा व्हिडिओ असा उघडतो: स्वयंपाकघरातला ओटा, फळी आडवी, एका टोकाखाली माझा हात तो ठोकळा सरकवतो. आवाज फक्त लाकडाचा. मग मी म्हणते, “भोर घाटात रेल्वेचा चढ एवढाच आहे.” लगेच चित्र कर्जतच्या फलाटावर, बँकर डब्याला टेकतात, खट्. “मग गाडी चढवायला ही इंजिनं कशाला लागतात? आणि ती पुढे का नाहीत?” हे सगळं २१ सेकंदांत. नाव, स्वागत, चिन्ह काही नाही. सातव्या मिनिटाचा तुकडा आठव्या सेकंदाला आला.

पुढची साखळी मग आपोआप जुळली. चढ एवढासा आहे, पण गाडी जड आहे. समजा गाडी हजार टनांची, तर १ : ३७ वर तिला उताराकडे खेचणारं बळ हजार भागिले सदतीस, म्हणजे सुमारे २७ टन वजनाएवढं. म्हणून इंजिनाने नुसतं जागेवर धरून ठेवायलाही तेवढं ओढत राहायला हवं. इंजिनात ताकद असते, पण पोलादी चाक पोलादी रुळावर किती पकड घेणार? पावसात तर ते जागच्या जागी फिरायला लागतं. म्हणून इंजिनं वाढवायची. पण सगळी पुढे लावली तर सगळा ताण पुढच्या डब्यांमधल्या कपलिंगवर येतो, आणि चढावर कपलिंग तुटलं तर मागचे डबे उलटे घरंगळतात. म्हणून मागून. काही भार ढकलून वाटून घ्यायचा, आणि काही तुटलंच तर मागे टेकू आहे.

यात इतिहास कुठेच बसला नाही. १८६३ काढताना जीवावर आलं. रिव्हर्सिंग स्टेशनची गोष्ट तर मला बँकरपेक्षा जास्त आवडते. ती वेगळ्या व्हिडिओसाठी वहीत लिहून ठेवली.

संहिता सुमारे नऊशे शब्दांची झाली. मी मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास बोलते, हे घड्याळ लावून मोजलं होतं. म्हणजे बोलणं साडेसात मिनिटांच्या आत, आणि थोडी जागा गप्प बसायला.

मग कागदावर मधोमध उभी रेघ. डावीकडे काय ऐकू येतं, उजवीकडे काय दिसतं. दुसऱ्या आवृत्तीतले तुकडे या कसोटीवर धरले तेव्हा लाज वाटली. ‘अभियंत्यांनी विचार केला’ या वाक्यावर ढगांचा तुकडा होता. ‘सुरक्षितता महत्त्वाची’ यावर धबधबा. बोलता बोलता मध्येच दुसरं दृश्य दाखवणं, ज्याला संपादक ‘कटअवे’ म्हणतात, ते मी भिंतीला कागद चिकटवावा तसं चिकटवलं होतं. दृश्य काढून टाकलं तर वाक्य समजायला काही कमी पडतं का, हा एक प्रश्न ठेवला. पडत नसेल तर दृश्य नको, माझा चेहरा चालेल. माणसाला माणसाचा चेहरा पाहायला कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो चेहरा नुसता वाट अडवून उभा राहतो तेव्हा.

दृश्यं तशी माझ्याकडे फारशी नव्हतीच. रुळांच्या कडेला उतरून चित्रीकरण करणं गुन्हा आहे, आणि धोकाही. त्यामुळे डब्याच्या खिडकीतून आणि घरातून जे मिळालं तेवढंच. बँकर टेकतानाचा तुकडा, खिडकीतून वळणावर दिसणारी स्वतःच्याच गाडीची शेपटी, बोगदा, पावसाने ओला झालेला रूळ, फळीवर खेळण्यातली गाडी. मोजून अकरा तुकडे. या टंचाईने भलं केलं. प्रत्येक तुकडा कुठे खर्चायचा याचा विचार करावा लागला.

कटअवे नेमका कधी सुरू करायचा हे मला सगळ्यात उशिरा कळलं. पूर्वी मी वाक्य सुरू झालं की दृश्य लावायचे आणि वाक्य संपलं की काढायचे. सगळं चौकटीत, त्यामुळे सगळं बातम्यांसारखं. आता आवाज आणि चित्र यांचे सांधे मी मागेपुढे केले. माझा चेहरा पडद्यावर असतानाच ओल्या रुळावर चाक घसरल्याचा करकर आवाज सुरू होतो, मी अजून ‘पण पावसात…’ एवढंच म्हटलेलं असतं, आणि मग चित्र रुळावर जातं. आवाज आधी आला की मान आपोआप वळते. उलटही केलं: दृश्यावरून परत माझ्यावर येताना माझा आवाज दृश्यावरच सुरू केला, म्हणजे परतणं जाणवत नाही. दोन्हींत फरक असतो अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. दीड सेकंद केला तर माणूस ‘हा कशाचा आवाज?’ म्हणून मूळ वाक्य सोडून देतो. मुलीवर प्रयोग करून पाहिलाय.

चाकाचा तो आवाज खराखुरा नव्हता, हेही सांगून टाकते. पोळपाटावर स्टीलची वाटी घासून काढलेला आहे. अण्णांना दोनदा ऐकवून पास करून घेतला.

आता पडद्यावरची अक्षरं. दुसऱ्या आवृत्तीत मी जे बोलत होते तेच शब्दशः लिहीत होते. रिचर्ड मायर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने चित्र आणि शब्द यांतून माणूस कसा शिकतो यावर आयुष्यभर प्रयोग केले आहेत. चित्र चालू असताना निवेदन ऐकवायचं आणि तेच निवेदन अक्षरांतही दाखवायचं, याने शिकणं सुधारत नाही, बहुधा बिघडतं, असं त्याला आढळलं. कारण सरळ आहे. डोळे दोनच. ते अक्षरांवर गेले की चित्रावर नाहीत. शिवाय आपण मनात वाचतो त्याचा वेग आणि कानावर येणाऱ्या आवाजाचा वेग जुळत नाही, म्हणून दोन्ही एकमेकांच्या पायात येतात. माझी मुलगी खाली मान घालून नेमकं हेच करत होती. ज्यांना ऐकू येत नाही किंवा आवाज बंद ठेवून पाहायचं आहे त्यांच्यासाठी उपशीर्षकं वेगळी जोडता येतात. ज्याला हवीत तो चालू करतो. मी मराठी उपशीर्षकं स्वतः टाइप करून जोडली.

तिसऱ्या आवृत्तीत पूर्ण आठ मिनिटांत पडद्यावर अक्षरं येतात नऊ वेळा. ‘१ : ३७’. ‘१००० टन’. ‘२७ टन’. ‘कपलिंग’. जे कानाने धरून ठेवणं कठीण, म्हणजे आकडा किंवा नवा शब्द, तेवढंच. आणि ते मी बोलून झाल्यावर लगेच जात नाही. जोवर त्या आकड्याचं काम चालू आहे तोवर कोपऱ्यात उभं राहतं. किती वेळ ठेवायचं यासाठी माझी रीत अशी की सावकाश, मोठ्याने दोनदा वाचायचं. लिहिणाऱ्याला एकदाच पुरेसं वाटतं, कारण त्याला ते आधीच पाठ असतं.

मराठी अक्षरांनी वेगळाच छळ केला. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार अ‍ॅनिमेशनमध्ये अक्षरं टंकयंत्रासारखी एकेक उमटतात. ‘चढ’ ठीक उमटतं, पण ‘शक्ती’ उमटताना मध्येच पाय मोडलेला क दिसतो आणि वाचणारा ठेचकाळतो. दुसऱ्या एका नमुन्यात अक्षरांमधलं अंतर हळूहळू वाढत होतं. देवनागरीत अंतर वाढलं की शिरोरेषेचे तुकडे होतात, शब्द फुटक्या बांगडीसारखा दिसतो. काही सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांची सेटिंग निवडली नाही तर वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. म्हणून मी अक्षर-अक्षर हलवणं सोडलं. पूर्ण शब्द एकदम येतो, एकदम जातो. फाँट ‘मुक्ता’ घेतला, जाड वजनाचा. दोन ओळी आल्या तर मधलं अंतर वाढवलं, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. आणि सगळं वरच्या अर्ध्या भागात ठेवलं. पडद्याच्या खालच्या कडेला प्रगतिपट्टी येते, उपशीर्षकं येतात, तिथे लिहिलेलं झाकलं जातं. हे मला संगणकावर कधीच कळलं नसतं, कारण संगणकावर मी संपादनाच्या खिडकीत पाहते. फोनवर, हात लांब करून पाहिलं तेव्हा दिसलं.

आता ज्या एका जागेसाठी हे लिहायला बसले ती सांगते. चौथ्या मिनिटाला कपलिंगवरचा ताण समजावणारी आकृती आहे. साधी: एक रेघ तिरकी, तिच्यावर दहा चौकोन, पुढे एक इंजिन. प्रत्येक सांध्यावर ताणाएवढी जाड लाल रेघ. सगळ्यात पुढचा सांधा सगळ्यात जाड, शेवटचा सगळ्यात बारीक. मग मागे इंजिन येऊन लागतं आणि लाल रेघा एकेक करत बारीक होत जातात. व्हिडिओत समजण्यासारखी गोष्ट खरं तर एवढीच आहे.

दुसऱ्या आवृत्तीत या आकृतीवर मी घाबरले होते. ‘आकृती आली की लोक पळतात’ अशी समजूत. म्हणून १८ सेकंदांत सहा वेळा चित्र बदललं होतं: आकृती, माझा चेहरा, खरं कपलिंग, पुन्हा आकृती जवळून, घाट, चेहरा. प्रत्येक वेळी परत आल्यावर पाहणाऱ्याला ‘आपण कुठे होतो’ हे नव्याने शोधावं लागत होतं. तिसऱ्या आवृत्तीत आकृती ३४ सेकंद पडद्यावर आहे आणि एकदाही कापलेली नाही. कॅमेरा हलत नाही, मागे संगीत नाही. ज्या सांध्याबद्दल बोलतेय तेवढाच लाल, बाकी करडे. मागचं इंजिन लागायच्या आधी मी विचारते, “आता मागून जोर दिला तर पहिली रेघ जाड होईल की बारीक?” आणि दोन सेकंद काहीच बोलत नाही.

दोन सेकंद शांतता संपादनाच्या पट्टीवर फार भयंकर दिसते. आवाजाची रेघ सपाट होते, हात शिवशिवतो. नुसती शांतता ठेवली तर ध्वनी बंद पडल्यासारखं वाटतं, म्हणून तिथे खोलीचा स्वतःचा बारीक आवाज भरला. रेकॉर्डिंगच्या दिवशी अर्धा मिनिट गप्प बसून तो आठवणीने घेऊन ठेवलेला असावा. मी ठेवला नव्हता. पुन्हा त्याच खोलीत, त्याच वेळी, पंखा बंद करून बसावं लागलं.

याच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र मी वेग ठेवला. आकृतीच्या आधीचं पाऊण मिनिट छोट्या वाक्यांचं, भराभर बदलणाऱ्या दृश्यांचं आहे: बोगदा, वळण, ओला रूळ. त्यामुळे आकृती आल्यावर ती थांबल्यासारखी वाटते, आणि पाहणाराही जरा सावरून बसतो. संथ जागा चांगली वाटायला तिच्या आधी घाई लागते. ख्याल ऐकणाऱ्याला हे मी सांगायला नको.

घरातली चाचणी पुन्हा झाली. नणंदेने आकृतीच्या प्रश्नावर मोठ्याने उत्तर दिलं, “बारीक!” पडद्याला. मुलीने शेवटी सांगितलं की मागून लावल्याने डबे ‘ताणले जाण्याऐवजी थोडे दाबले जातात’, म्हणजे मी सांगितलं त्याच्यापुढचंही तिने काढलं. अण्णा म्हणाले, “उतरताना ब्रेकची चाचणी करत थांबत थांबत येतात, मंकी हिलला, ठाकूरवाडीला, ते राहिलं.” म्हटलं, अण्णा, तो पुढचा व्हिडिओ.

खाली वर्णनात प्रकरणांच्या वेळा लिहिल्या. पहिली वेळ 0:00 असावी लागते, किमान तीन प्रकरणं हवीत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचं. आधी मी तिसऱ्याचं नाव ‘कपलिंगवरचा ताण कमी होतो’ असं दिलं होतं. म्हणजे उत्तर पाटीवरच. मग बदललं:

```
0:00 एवढासा चढ?
1:05 हजार टनांचं काय होतं
3:20 सगळी इंजिनं पुढे लावली तर?
5:40 मागून
```

प्रकरणं दिल्याने काही लोक थेट 5:40 वर उडी मारतात, हे आलेखात दिसतं. मारोत. ज्याला उत्तरच हवंय त्याला कोंडून ठेवून काय मिळणार?

दोन दिवसांनी नव्या व्हिडिओचा आलेख आला. लांबी ८ मिनिटं १० सेकंद. ३० सेकंदांनंतर उरलेले ६९ टक्के. आकृतीच्या जागी, जिथे मला धाकधूक होती, तिथे रेघ जवळजवळ आडवी, आणि प्रश्नानंतर छोटासा उंचवटा: लोक मागे येऊन पुन्हा पाहत होते. दोन व्हिडिओंची अशी तुलना तोलून घ्यायला हवी. लांबी वेगळी, मथळ्यासोबत दिसणारं चित्रही मी बदललं होतं, आणि छोटा व्हिडिओ टक्क्यांत नेहमीच बरा दिसतो. म्हणून मी टक्क्यांपेक्षा रेघ कुठे मोडते ते पाहते.

ती ७:०२ ला मोडली होती. अगदी सरळ खाली. तिथे मी काय म्हणते ते लावून ऐकलं. “तर थोडक्यात सांगायचं तर…”

पुढे ६८ सेकंद होते. शेवटचे २० सेकंद पुढच्या व्हिडिओच्या चौकटीसाठी राखलेले, आणि मधल्या ४८ सेकंदांत मी सगळं पुन्हा सांगितलं होतं. वर्गात तास संपताना फळा पुसायच्या आधी सांगते तसं. पोरं तेव्हा दप्तर भरत असतात, हे मला बावीस वर्षं दिसत आलंय.

संपादकात जाऊन ते ४८ सेकंद कापले. आता व्हिडिओ लोणावळ्याला संपतो: बँकर सुटतात, गाडी पुढे निघते, ती मागेच उभी राहतात. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, “ती परत खाली कर्जतला कशी जातात ते नाही सांगितलंस.”

वहीत लिहून ठेवलंय.